निपाणीहून एक महिना काम: परवानगी मिळवण्याची हकिकत

माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि कोल्हापूरच्या इस्पितळात तिचा अर्धा सांधा बदलावा लागला, तेव्हा मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरीला होते. निपाणीची माणसे मोठ्या दुखण्याला बेळगावपेक्षा जवळ पडणाऱ्या कोल्हापूरला जातात, त्याप्रमाणे मामांनी तिला तिकडे नेले. इस्पितळातले दिवस आणि घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा गडहिंग्लजची मावशी सांभाळेल, असे फोनवरच ठरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की घरी आल्यावर निदान सहा आठवडे आईने जमिनीवर बसायचे नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या खुर्चीवर टेकायचे नाही. चालताना वॉकर हवाच, आणि अंघोळीला किंवा कमोडच्या खुर्चीवर बसताना-उठताना शेजारी माणूस हवे. वडील हयात नाहीत आणि मी एकुलती एक आहे. मावशी परत गेल्यानंतरचा साधारण एक महिना मीच तिच्याजवळ असणे भाग होते, आणि तो महिना निपाणीच्या घरातून कंपनीचे काम करत काढू द्याल का, हे मला कंपनीला विचारायचे होते. आपल्या भागातून परदेशी गेलेल्या अनेकांवर ही वेळ येते आणि बहुतेक जण रजेचा अर्ज लिहावा तसाच हा अर्ज लिहितात, म्हणून माझ्या अर्जाचे काय काय झाले ते सविस्तर लिहिते.

सरळ रजाच का घेतली नाही, हे आधी सांगायला हवे. वार्षिक रजा माझ्या खात्यावर होती, पण ती सगळी एकदम वापरली असती तर वर्षाच्या उरलेल्या काळात आईसाठी पुन्हा धावून यायची सोय राहिली नसती, आणि या वयात खुबा मोडल्यावर तशी वेळ येणारच नाही असे धरून चालता येत नाही. बिनपगारी रजेचा रस्ता व्हिसामुळे अडचणीचा होता. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कंपनीच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर आहे. या व्हिसावरील कर्मचाऱ्याची एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाली, तर प्रसूती, स्वतःचे आजारपण अशी ठरावीक कारणे सोडल्यास कंपनीला त्याचे प्रायोजकत्व सहसा थांबवावे लागते. एक महिना बिनपगारी घ्यायचा म्हणजे त्या मर्यादेच्या काठावर जाऊन उभे राहायचे, आणि त्याच वर्षी पुढे एखादा दिवस जरी लागला तरी ती ओलांडायची. घरच्या अडचणीत माणूस पगारावर पाणी सोडायला तयार होतो, पण येथे पगार सोडल्याने निवासाचा हक्कच धोक्यात येऊ शकतो, हे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते.

ब्रिटनच्या कायद्यातही दोन वाटा आहेत आणि त्या दोन्ही मी नीट तपासल्या. पहिली वाट म्हणजे आप्तांच्या शुश्रूषेसाठीची रजा. 6 एप्रिल 2024 पासून ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते, पण ती वर्षातून एकच आठवड्याची आणि बिनपगारी असते. शिवाय आजार किंवा दुखापत या कारणाने ती घ्यायची तर तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ शुश्रूषा लागेल अशी शक्यता असावी लागते. आईच्या डॉक्टरांच्या पत्रात सहा आठवडे लिहिलेले होते. दुसरी वाट म्हणजे कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागण्याचा हक्क, आणि तोही त्याच तारखेपासून पहिल्या दिवसापासून मिळतो. मात्र ही वाट नोकरीच्या करारातील अटी बदलण्यासाठी आहे. वर्षभरात असे दोनच अर्ज करता येतात, आणि निर्णय द्यायला कंपनीला दोन महिन्यांची मुदत असते. मला दोन आठवड्यांत उत्तर हवे होते आणि करार बदलायचा नव्हता. म्हणून माझ्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले की ही विनंती त्या कायद्याखाली केलेली नसून एका महिन्यापुरती, एकदाच करायची तात्पुरती सोय म्हणून केलेली आहे. एचआरच्या बाईंनी नंतर मला सांगितले की हे वाक्य नसते तर अर्ज औपचारिक प्रक्रियेत गेला असता आणि फिरत राहिला असता.

आमच्या कंपनीत परदेशातून काम करण्याचे धोरण आहे, पण ते युरोपातील काही देशांपुरते आणि मोजक्या दिवसांचे आहे. भारत त्या यादीत नाही. अशा यादीत एखादा देश नसला म्हणजे तिथे कायद्याने बंदी आहे, असे नसते. त्या देशाचा कर, ग्राहकांच्या माहितीची सुरक्षा आणि विमा यांचा अभ्यास कोणी केलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. मला हवा होता तो अपवाद, आणि अपवाद मागणाऱ्याने तो अभ्यास जमेल तेवढा स्वतः करून समोर ठेवला तर नकार देणाऱ्यालाही कारण शोधावे लागते. अर्ज एचआरकडे पाठवण्यापूर्वी मी माझ्या मॅनेजर बाईंशी बोलले. त्यांनी आईची चौकशी केली, आणि मग अगदी शांतपणे विचारले, "तुझ्या कामाच्या वेळात आईजवळ कोण असेल?"

संपूर्ण अर्जाचा कणा हाच प्रश्न ठरला. कामाचे तास आणि शुश्रूषेचे तास एकच आहेत असे कंपनीला वाटले, तर परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट नीट होते. मी दिवसाची आखणी तासांनिशी लिहून दिली. हिवाळ्यात ब्रिटनची घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. तिथले सकाळचे आठ म्हणजे निपाणीतील दुपारचा दीड. मी नेहमीच्या नऊऐवजी आठला काम सुरू करून साडेचारला संपवण्याची मुभा मागितली, म्हणजे निपाणीत दुपारी दीड ते रात्री दहा. पहाटेपासून दुपारपर्यंतचा सारा वेळ त्यामुळे आईसाठी मोकळा राहत होता: सकाळची औषधे, अंघोळ, फिजिओथेरपिस्टची भेट, व्यायाम, जेवण. दुपारी एक ते रात्री आठ या वेळेसाठी आमच्या गल्लीतील एक अनुभवी बाई पगारावर ठरवल्या होत्या. आठ ते दहा मामी येऊन बसणार होत्या. हे सारे मी अर्जात नावांशिवाय, पण वेळेसह लिहिले. रात्री आईला उठावे लागले तर मीच उठणार, हेही लिहिले, आणि म्हणून सकाळी लवकरची कोणतीही बैठक मला ठेवू नये अशी विनंती केली.

आई मात्र या सगळ्या खटाटोपाने अस्वस्थ झाली होती. ती फोनवर म्हणाली, "नोकरीला धक्का लागत असला तर येऊ नकोस बाई, मी बाईला ठेवून घेते." मी तिला सांगितले, "आई, तुझ्या पायाचं पत्र मला साहेबांना दाखवावं लागेल, चालेल ना?" ही परवानगी मी मुद्दाम मागितली. दुखणे तिचे, कागद तिचे, आणि ते परक्या देशातील अनोळखी माणसे वाचणार होती.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथेच पुष्कळ वेळ वाया जातो. आपल्याकडे इस्पितळातून मिळणारा दाखला बहुधा दोन ओळींचा असतो: रुग्णावर अमुक शस्त्रक्रिया झाली आहे, विश्रांतीची गरज आहे. परदेशी कंपनीला त्यातून काहीच कळत नाही. मामांना मी सांगून ठेवले की पत्रात चार गोष्टी हव्यात: शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, कोणत्या हालचालींना बंदी आहे, कोणत्या कामांना दुसऱ्या माणसाची मदत लागेल, आणि ती कुठल्या तारखेपर्यंत. रक्ताचे अहवाल, एक्स-रे, जुनी दुखणी यांपैकी काहीही पाठवायचे नाही. डॉक्टरांनी ते इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह दिले. नात्याचा पुरावा म्हणून माझ्या पासपोर्टचे शेवटचे पान पुरले, कारण त्यावर आईचे नाव छापलेले आहे. पत्त्यांविषयी मात्र एचआरकडून शंका आली. इस्पितळ महाराष्ट्रात, घर कर्नाटकात, माझ्या जुन्या पासपोर्टवर जिल्हा बेळगाम आणि आईच्या आधार कार्डावर बेळगावी. मी एका परिच्छेदात खुलासा केला: कोल्हापूर आणि निपाणी यांच्यात राज्याची सीमा असली तरी रस्त्याने सुमारे 40 किलोमीटरचेच अंतर आहे, आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटक सरकारने जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदललेले असल्याने दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत. सीमाभागातील माणसाने हा खुलासा न विचारताच आधी जोडावा, कारण दूर बसलेल्या माणसाला ते दोन वेगळे पत्ते वाटतात आणि मग संपूर्ण कागदपत्रांवरचाच त्याचा विश्वास डळमळतो.

कराचा प्रश्न सर्वांत अवघड वाटत होता, पण मुळात तो समजण्यासारखा आहे. भारतीय प्राप्तिकर कायद्यानुसार भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतात मिळवलेला मानला जातो, मग तो लंडनच्या बँकेत जमा झाला तरीही. म्हणजे निपाणीत बसून केलेल्या एका महिन्याच्या कामाचा पगार सकृद्दर्शनी भारतात करपात्र ठरतो. येथे भारत आणि ब्रिटन यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार मदतीला येतो. त्यातील नोकरदारांविषयीच्या कलमानुसार त्या पगारावर फक्त ब्रिटनमध्ये कर लागण्यासाठी तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: त्या आर्थिक वर्षात भारतातील एकूण वास्तव्य 183 दिवसांपेक्षा जास्त नसावे, पगार देणारी कंपनी भारताची रहिवासी नसावी, आणि तो पगार भारतात करपात्र असलेल्या कोणत्याही उद्योगाच्या नफ्यातून वजा होणारा नसावा. आमच्या कंपनीचे भारतात काहीच नाही, त्यामुळे शेवटच्या दोन अटींत अडचण नव्हती. पहिल्या अटीत दिवस मोजताना मात्र काळजी घ्यावी लागते, कारण सुट्टीसाठी आलेले दिवसही त्यात धरले जातात. मी चालू आर्थिक वर्षात दिवाळीला आले होते, ते दिवसही मिळवून तक्ता करून दिला. आपले आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिलला, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या सीमेवर येणाऱ्याने दोन्ही देशांसाठी वेगळी मोजणी ठेवावी.

कंपनीला कराबाबत खरी भीती कर्मचाऱ्याच्या पगाराची नसते. तिचा माणूस भारतात बसून कंपनीच्या वतीने करार करू लागला, ग्राहक मिळवू लागला, तर भारतीय कर खाते असे म्हणू शकते की या कंपनीचे येथे आस्थापन आहे, आणि मग कंपनीच्या नफ्यावरच दावा सांगू शकते. माझे काम विम्याच्या दाव्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण करण्याचे आहे, ग्राहकांशी माझा संबंध येत नाही. तरीही मी अर्जात लेखी हमी दिली की या महिन्यात मी कंपनीच्या वतीने कोणाशीही करार करणार नाही, भारतातील कोणाही ग्राहकाशी किंवा पुरवठादाराशी बोलणार नाही, आणि घराचा पत्ता कंपनीचा पत्ता म्हणून कुठेही वापरणार नाही. विक्री किंवा खरेदीच्या खात्यात काम करणाऱ्याला ही हमी देणे कठीण जाईल, आणि त्याला परवानगी मिळणेही तेवढेच कठीण जाईल. ब्रिटनमध्ये पगारातून होणारी करकपात आणि नॅशनल इन्शुरन्स ही सामाजिक सुरक्षेची वर्गणी नेहमीप्रमाणे चालू राहिली. मी भारतीय नागरिक असल्याने भारतात काम करण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ही गोष्टही लिहून द्यावी लागली, कारण एचआरच्या नमुन्यात तो पहिलाच रकाना होता.

ग्राहकांच्या खासगी माहितीवरून सर्वाधिक चर्चा झाली. विमा कंपनीकडे लोकांचे पत्ते, बँक खाती, कधी कधी आजारपणाचे तपशील असतात, आणि ही माहिती ब्रिटनबाहेर जाऊ देण्यावर कायद्याची बंधने आहेत. सुरक्षा विभागाचा पहिला प्रतिसाद असा होता की भारतातून जोडणी म्हणजे माहितीचे हस्तांतर, सबब शक्य नाही. ब्रिटनच्या माहिती संरक्षण आयुक्तांच्या मार्गदर्शनात याचे उत्तर आहे. माहिती एका कंपनीकडून दुसऱ्या स्वतंत्र संस्थेकडे गेली तर ते हस्तांतर ठरते. त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने बाहेरून ती पाहिली तर ते त्या अर्थाने हस्तांतर नाही. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र कंपनीवर पूर्ण राहते, आणि चर्चा तिथे आणणे हेच माझे काम होते. मी तीन बंधने स्वतःहून सुचवली. काम फक्त कंपनीच्या आभासी डेस्कटॉपवर होईल, म्हणजे माहिती लीड्सच्या सर्व्हरवरच राहील आणि माझ्या लॅपटॉपवर केवळ चित्र दिसेल. छपाई आणि फाइल उतरवून घेणे बंद असेल. या महिन्यात माझ्याकडे नावे काढून टाकलेल्या आकड्यांचेच काम येईल, मूळ दाव्यांच्या नोंदी सहकारी पाहील. हे तिसरे बंधन मान्य करायला मॅनेजर बाईंना कामाची वाटणी बदलावी लागली, पण त्यामुळेच सुरक्षा विभागाचा विरोध मावळला. त्यांनी त्यांच्याकडून एक अट घातली: खोलीला दार हवे आणि ते बंद करता आले पाहिजे.

व्हिसाच्या बाजूने कंपनीच्या वकिलांनी पाहिले. पगार चालू आहे, काम तेच आहे, परत येण्याची तारीख ठरलेली आहे, एवढ्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. कामाच्या जागेतील तात्पुरता बदल माझ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवला. मला स्वतःला आणखी एक हिशेब करायचा होता. पुढे कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना कोणत्याही 12 महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिलेले चालत नाही, आणि कंपनीचे काम करत काढलेला महिनाही त्यात बाहेरचाच धरला जातो. कंपनीने दिलेली परवानगी त्या मोजणीत काही उपयोगाची नसते.

परवानगी आली ती ई-मेलवर, अटींसह. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकच पत्ता, ठरलेले तास, तीन तांत्रिक बंधने, आणि एक वाक्य असे की ही सोय पुढील कोणत्याही विनंतीसाठी पायंडा मानली जाणार नाही. कंपनीच्या आरोग्य विम्याचे संरक्षण भारतात नसेल, हेही त्यात होते, म्हणून मी स्वतःचा प्रवास विमा घेतला. तिकीट मी ही ई-मेल हातात आल्यानंतरच काढले. तोंडी होकार मिळाल्यावर तिकीट काढणारे आणि मग एखाद्या विभागाच्या नकाराने अडकणारे मी पाहिले आहेत.

निपाणीच्या घरात दार असलेली आणि इंटरनेट नीट पोहोचणारी खोली माडीवर होती, आणि आईला जिना चढता येत नसल्याने तिची खाट खालच्या सोप्यात. खाटेची उंची मावशीने सुताराकडून आधीच लाकडी ठोकळे लावून वाढवून घेतली होती, म्हणजे आईला बसताना गुडघे खुब्यापेक्षा वर येत नव्हते. मी कोल्हापूरहून बिनतारी दारघंटी आणली. तिचे बटण खाटेच्या कठड्याला आईच्या उजव्या हाताशी दोरीने बांधले आणि घंटा माडीवर माझ्या टेबलाशी लावली. बाई किंवा मामी जवळ असतानाही आईला मीच हवी असेल, तर ती बटण दाबायची. एकदा दाबले तर सवडीने ये, दोनदा दाबले तर लगेच ये, असे आम्ही ठरवले होते. बैठकीच्या मध्येच मला उठावे लागेल हे मी चमूतील सर्वांना पहिल्याच दिवशी सांगितले होते, त्यामुळे घंटा वाजली की मी "दोन मिनिटे" म्हणून कॅमेरा बंद करत असे आणि कोणी काही विचारत नसे.

विजेची व्यवस्था अर्ज मंजूर होण्याआधीच पाहून ठेवावी, कारण सुरक्षा विभागाने जोडणी तुटली तर काय करणार हेही विचारले होते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद ठेवतात, त्याची सूचना बहुधा आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येते. अचानक जाते ती वेगळीच. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त राउटर, लॅपटॉप, आईजवळचा दिवा आणि पंखा एवढेच ठेवले, तर दुपार ते रात्र निघते. फायबरची जोडणी गेलीच तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला फोन वापरायचा, आणि तेही कंपनीला आधी कळवलेले असावे, कारण जोडणीचा पत्ता अचानक बदलला की सुरक्षा यंत्रणा खाते बंद करते. आभासी डेस्कटॉपवर निपाणीहून टंकलेखन करताना अक्षर किंचित उशिरा उमटते. आकड्यांच्या कामाला ते चालते, पण दिवसभर लिहिण्याचे काम असते तर डोळे आणि डोके दोन्ही दमले असते.

घरी विचारपूस करायला येणाऱ्या माणसांचा प्रश्न मला इंग्लंडमधून दिसला नव्हता. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसे संध्याकाळी येतात, आणि लेक परदेशातून आली आहे म्हटल्यावर तिला भेटल्याशिवाय जात नाहीत. त्यांना वाईट न वाटता हे सांगायचे कसे, याचा मार्ग मामांनी काढला. त्यांनीच सर्वांना निरोप दिला की डॉक्टरांनी भेटीची वेळ सकाळी अकरा ते एक ठरवून दिली आहे. फिजिओथेरपिस्टनेही तेच बरे म्हटले, कारण संध्याकाळी आई थकलेली असे आणि माणसांसमोर बळेच उठून बसायला जाई.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे जातात आणि अंतर साडेचार तासांवर येते. माझा महिना संपता संपता ही तारीख आली. माझे काम दुपारी दीडऐवजी साडेबाराला सुरू होऊ लागले, आणि नेमकी तीच आईच्या जेवणाची आणि दुपारच्या औषधाची वेळ होती. बाईंना शेवटच्या दिवसांसाठी तासभर आधी यायला सांगितले आणि त्याचे वेगळे पैसे ठरवले. अर्जात तासांचा तक्ता देताना ही तारीख मी नमूद केली होती, त्यामुळे तिकडे कोणाला काही नव्याने समजावून द्यावे लागले नाही.

महिना संपत आला तेव्हा आई वॉकर घेऊन सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत जात होती, पण कमोडच्या खुर्चीवरून उठताना अजून आधार लागत होता. मी आणखी एक आठवडा मागितला. कंपनीने तो नाकारला, आणि कारण दिले की मुदत वाढवायची तर कर आणि सुरक्षा या दोन्ही विभागांची मंजुरी पुन्हा नव्याने घ्यावी लागेल, ज्याला त्या आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागेल. ते खरे होते. त्या आठवड्यासाठी मी वार्षिक रजा घेतली, लॅपटॉप बंद करून ठेवला, कारण परवानगीच्या तारखेनंतर निपाणीतून एक ई-मेलसुद्धा पाठवणे म्हणजे मंजूर नसलेले काम ठरले असते, आणि ते सात दिवस फक्त आईचे केले. बाई आता दिवसभर राहायला तयार झाल्या होत्या, त्यांच्यासोबत मी औषधांचा तक्ता, व्यायामांची क्रमवारी आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची तारीख भिंतीवर मराठीत लिहून लावली. विमानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती आणि परवानगीची ई-मेल एकत्र ठेवली आहे. भारतात विवरणपत्र भरताना कराराची सवलत मागायची तर ब्रिटनच्या कर खात्याकडून तिथल्या रहिवासाचा दाखला लागतो, त्यासाठी मी लीड्सला परतल्यावर लगेच अर्ज केला.